राखून ठेवलेला नफा फुकट असतो का?

मागच्या वेळी आपण कर्ज आणि भागभांडवल यांतला फरक पाहिला. आज या दोन्हींचा मिळून सरासरी खर्च काढू. सोयीसाठी एक काल्पनिक कारखाना घेऊ. त्याच्यावर ४ कोटींचं कर्ज आहे, व्याज १० टक्के. बाजारात त्याचे ३ लाख शेअर आहेत, प्रत्येकी २०० रुपयांचे, म्हणजे ६ कोटी. कर्जाचा वाटा ४० टक्के, मालकांचा ६०. हे वाटे शक्यतो बाजारभावाने धरावेत, कारण आज पैसा घालणारा माणूस जुन्या ताळेबंदातल्या किमतीला शेअर विकत घेत नाही.

आधी कर्ज पाहू. व्याज हा खर्च म्हणून नफ्यातून वजा होतो आणि उरलेल्या नफ्यावर कर बसतो. कराचा दर २५ टक्के धरला, तर १०० रुपये व्याज भरताना २५ रुपये कर वाचतो. म्हणून कर्जाचा खरा खर्च १० नव्हे, ७.५ टक्के. मात्र ही बचत नफा असेल तरच. कंपनी तोट्यात असेल तर वाचवायला करच नसतो. बचत झालीच तर पुढे, नफ्याच्या वर्षी.

आता राखून ठेवलेला नफा. कारखान्याचे मालक म्हणतात, “हा पैसा तर आपलाच, त्याला व्याज कुठलं?” इथे जरा थांबू या. तो पैसा भागधारकांचा आहे. लाभांश म्हणून हातात पडला असता, तर त्यांनी तो तेवढ्याच जोखमीच्या दुसऱ्या जागी गुंतवला असता. ती सोडून दिलेली मिळकत हाच त्याचा खर्च. हिशेबाच्या वहीत तो दिसत नाही, म्हणून तो नसतो असं नाही.

तो मोजायचा कसा? पुढच्या वर्षी प्रत्येक शेअरला १२ रुपये लाभांश मिळेल आणि तो दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढेल असं धरू. २०० वर १२ म्हणजे ६ टक्के, अधिक ८, एकूण १४ टक्के. लाभांश करानंतरच्या नफ्यातून जातो, म्हणून इथे करबचत नाही. नवे शेअर काढले तर विक्रीचा खर्च वाढतो, आणि दर १४ च्या थोडा वर जातो. वाढीचा अंदाज चुकला तर हा आकडाही चुकतो, तेव्हा ८ च्या जागी ७ आणि ९ घालूनही पाहावं.

आता बेरीज:

```
0.40 × 7.5 + 0.60 × 14 = 3.0 + 8.4 = 11.4 %
```

नफा फुकट धरला असता तर उत्तर आलं असतं फक्त ३ टक्के. मग ९ टक्के देणारं यंत्र फायद्याचं वाटलं असतं, आणि ते घेऊन आपण भागधारकांचं नुकसानच केलं असतं. उलट करबचत विसरलो तर उत्तर १२.४ येतं, आणि १२ टक्के देणारं चांगलं काम हातचं जातं.

आणखी एक खबरदारी. यंत्रापासून येणारी रक्कम मोजताना व्याज पुन्हा वजा करू नये. ते ११.४ मध्ये आधीच धरलेलं आहे.