चार तोळ्यांच्या पाटल्या आणि साडेनऊ हजार चिप

मोबाइल, लॅपटॉप, गाड्यांमधली यंत्रणा, उपग्रह या सगळ्यांत सोनं असतं. तेव्हा जगातलं बरंचसं सोनं आता कारखान्यांकडे जात असणार, असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्ष हिशेब पाहिला की थक्क व्हायला होतं. वर्ल्ड गोल्ड कौन्सिलच्या आकडेवारीनुसार 2024 मध्ये जगभरात सुमारे 4,974 टन सोन्याची मागणी होती. त्यातलं साधारण 2,000 टन दागिने घडवायला गेलं. सुमारे 1,180 टन वळी, बिस्किटं, नाणी अशा गुंतवणुकीत गेलं आणि हजार टनांहून थोडं जास्त देशोदेशींच्या मध्यवर्ती बँकांनी घेतलं. दंतवैद्यकासकट सगळ्या उद्योगांच्या वाट्याला आलं फक्त 326 टन. त्यातही इलेक्ट्रॉनिक्सचं 271 टन, म्हणजे शंभर ग्रॅममधलं जेमतेम साडेपाच ग्रॅम.

अब्जावधी उपकरणांना एवढ्याशा सोन्यात कसं भागतं? याचं उत्तर चिपच्या आत आहे, आणि मला ते सोन्याच्या कुठल्याही दागिन्याइतकंच देखणं वाटतं.

चिप म्हणजे सिलिकॉनचा इवलासा तुकडा. त्यातला विद्युत संकेत बाहेरच्या धातूच्या पायांपर्यंत न्यायला अनेक चिपमध्ये सोन्याची तार वापरतात. तिला बाँडिंग वायर म्हणतात. सोनं 99.99 टक्के शुद्ध आणि जाडी साधारण 25 मायक्रॉन, म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. ही तार सिरॅमिकच्या बारीक नळीतून खाली येते. टोकाशी ठिणगी पडते, टोक वितळतं आणि पृष्ठताणामुळे आपोआप गोल मणी तयार होतो. यंत्र तो मणी चिपवरच्या ॲल्युमिनियमच्या पॅडवर टेकवतं. थोडी उष्णता, थोडा दाब आणि अल्ट्रासॉनिक कंपनं एवढ्यावर दोन धातू एकमेकांना धरतात. मग नळी कमानीसारखी वर जाऊन बाहेरच्या पायावर उतरते, तिथे तार दाबून चिकटवते आणि तोडते. असे दहाहून अधिक जोड एका सेकंदात होतात.

आता वजन काढू. सोन्याची घनता घन सेंटिमीटरला 19.3 ग्रॅम. त्यामुळे 25 मायक्रॉनच्या एक मीटर तारेचं वजन भरतं साडेनऊ मिलिग्रॅम. एक जोड साधारण दोन मिलिमीटरचा धरला आणि चिपला दोनशे तारा धरल्या, तर एका चिपला लागलेलं सोनं पावणेचार मिलिग्रॅमच्या आसपास.

शेजारी लग्नातल्या पाटल्यांची जोडी ठेवा, चार तोळ्यांची, 22 कॅरेटची. सराफाचा आजचा तोळा म्हणजे दहा ग्रॅम, तेव्हा शुद्ध सोनं झालं साधारण 36.6 ग्रॅम. त्याची तार ओढली तर ती पावणेचार किलोमीटरहून लांब होईल. त्यातून दोनशे तारांच्या साडेनऊ हजारांहून जास्त चिप जोडून होतील. एका मुलीच्या दोन मनगटांवर हे सगळं सोनं सहज मावतं. दागिन्यात सोन्याचं वजन हवं असतं. ते जाणवलं पाहिजे, उद्या मोडता आलं पाहिजे. इंजिनिअरला मात्र सोन्याचे गुण हवे असतात आणि वजन जितकं कमी करता येईल तितकं हवं असतं.

म्हणून भाव वाढला की दोन्हीकडे वेगळं घडतं. दहा ग्रॅमला 70,000 रुपये भाव धरला, तर आपल्या चिपमधलं सोनं साधारण 27 रुपयांचं. भाव वीस टक्के वाढला तर पाच रुपयांचा फरक. पाटल्यांच्या बाबतीत तोच फरक पन्नास हजारांच्या वर जातो, आणि तेवढ्याच पैशांत चार तोळ्यांवरून साधारण सव्वातीन तोळ्यांवर यावं लागतं. 2024 मध्ये हेच दिसलं. भाव चढत राहिला, जगभरातली दागिन्यांची खरेदी वजनात 11 टक्क्यांनी घटली. तंत्रज्ञानातला वापर उलट सात टक्क्यांनी वाढला.

पण 27 रुपये महागड्या चिपला किरकोळ असले, तरी स्वस्त चिपमध्ये तेवढ्यात नफाच जातो. म्हणून 2009 नंतर भाव चढू लागला तसे कारखाने मोठ्या प्रमाणावर तांब्याच्या तारेकडे वळले. ते सोपं नव्हतं. तांब्याचा मणी हवेत वितळवला तर लगेच गंजतो, म्हणून तिथे नायट्रोजनमध्ये थोडा हायड्रोजन मिसळलेला वायू सोडावा लागतो. तांबं सोन्यापेक्षा कठीणही आहे. मणी टेकवताना पॅडखालचं सिलिकॉन तडकू शकतं. सोनं गंजत नाही आणि मऊही असतं, त्यामुळे हे दोन्ही त्रास टळतात. सोन्याचंही एक दुखणं आहेच. जोड फार तापला तर सोनं आणि ॲल्युमिनियम एकमेकांत मुरून जांभळट संयुग तयार होतं, त्याच्या कडेला पोकळ्या पडतात आणि तार एक दिवस सुटते. कारागीर त्याला पर्पल प्लेग म्हणतात. पारख करायची तर बारीक आकडा तारेत अडकवून ओढतात: तार मधे तुटली तर जोड चांगला, मणीच पॅडवरून उचलला गेला तर वाईट.

सर्किट बोर्डवरच्या सोनेरी मुलाम्यात तर काटकसर आणखी टोकाला जाते. तिथे निकेलच्या थरावर सोनं चढवतात, पुष्कळदा 0.05 मायक्रॉन इतकंच. दहा ग्रॅम सोन्यात दहा चौरस मीटर पृष्ठभाग झाकून होतो, म्हणजे एका खोलीची जवळपास सगळी फरशी. याहून पातळ करायला गेलं की थराला सूक्ष्म छिद्रं राहतात, त्यातून खालचं निकेल गंजतं, आणि सोल्डर नीट धरत नाही. काटकसरीची हद्द इथे येते. सोनं अजून टिकून आहे ते याच हद्दीमुळे.

चांदीचं गणित अगदी निराळं आहे. तिच्या वार्षिक मागणीत निम्म्याहून जास्त वाटा उद्योगांचा असतो, त्यामुळे सोलर पॅनलचे कारखाने वाढले की चांदीच्या भावाला ते जाणवतं. सोन्याच्या भावावर कारखान्यांचा असा जोर चालत नाही. हा भाव हलतो तो गुंतवणूकदार, मध्यवर्ती बँका आणि लग्नसराई यांच्यामुळे.

उपकरणांत सोनं किती थोडं असतं, ते उलट बाजूनेही दिसतं. टोकियो ऑलिम्पिकची पदकं घडवायला जपानने 2017 ते 2019 अशी दोन वर्षं देशभरातून जुनी उपकरणं गोळा केली. जवळपास 79,000 टन सामान जमलं, त्यात 62 लाख मोबाइल होते, आणि हाती आलं सुमारे 32 किलो सोनं. भारतात 2024 मध्ये 563 टन सोन्याचे दागिने खरेदी झाले. दिवसाला पडले दीड हजार किलो, तासाला चौसष्ट. एका देशाने दोन वर्षं घरोघरची अडगळ गोळा करून मिळवलेलं सोनं भारतातली दुकानं अर्ध्या तासात विकतात.

भारतीय घरांमध्ये साठलेलं सोनं सुमारे 25,000 टन असावं, असा वर्ल्ड गोल्ड कौन्सिलचा अंदाज आहे. जगभरच्या इलेक्ट्रॉनिक्सला 2024 च्या वेगाने ते नव्वद वर्षांहून अधिक पुरेल.