विधाने तपासताना

स्पर्धा परीक्षेत राज्यसभेवर असा प्रश्न येऊ शकतो. अ : राज्यसभा कधीच विसर्जित होत नाही. ब : उपराष्ट्रपती राज्यसभेचे पदसिद्ध सभापती आणि सदस्य असतात. क : धनविधेयक राज्यसभेला 14 दिवसांपेक्षा जास्त रोखता येत नाही. पर्याय : (1) फक्त अ (2) अ आणि ब (3) अ आणि क (4) वरील सर्व.

अ चारही पर्यायांत आहे, म्हणून ते तपासण्यात वेळ घालवू नये. खरी मेख ब मध्ये आहे. जोडविधानाचे तुकडे करून प्रत्येक तुकडा वेगळा पारखावा लागतो. ‘पदसिद्ध सभापती’ बरोबर. पण उपराष्ट्रपती कोणत्याच सभागृहाचे सदस्य नसतात. अर्धे खरे विधान चूकच धरले जाते. त्यामुळे (2) आणि (4) बाद होतात. उरलेल्या दोहोंत फरक फक्त क चा. राज्यघटनेच्या अनुच्छेद 109 नुसार ते बरोबर आहे, म्हणून उत्तर (3).

‘कधीच’, ‘केवळ’ असे शब्द असलेले विधान चूकच असते, हा शिकवणी वर्गांतला आडाखा मात्र इथे फसतो : अ मध्ये ‘कधीच’ असूनही ते खरे आहे. शिवाय प्रश्नात ‘बरोबर’ विचारले आहे की ‘बरोबर नाही’, हे आधीच पाहावे. नाहीतर तपासणी अचूक होऊनही गुण जातो.