ऑक्सिजन: लिटर किती आणि टक्के किती

समजा, सत्तरीतल्या एक आजी आहेत. उभं आयुष्य चुलीच्या धुरात गेलं आणि आता सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा आजार जडलाय. रात्री दम वाढला म्हणून त्यांना दवाखान्यात आणलं. बोटावरच्या ऑक्सिमीटरने 82 दाखवलं. नाकात ऑक्सिजनची नळी लावून फ्लोमीटर 5 लिटरवर ठेवला. अर्ध्या तासात आकडा 98 वर गेला आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडला. आजी पेंगू लागल्या, तेव्हा रात्रभर जागल्यात, आता झोप लागली असेल, असंच सगळ्यांना वाटलं. खरं तर याच वेळी त्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत होता. ऑक्सिमीटर तो मोजतच नाही.

सीओपीडीच्या काही रुग्णांत गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला की असं होतं. फुप्फुसाच्या निकामी भागांकडे जाणारं रक्त शरीराने आवरून धरलेलं असतं. जादा ऑक्सिजन मिळाला की ते पुन्हा तिकडे वाहू लागतं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकण्याचं काम बिघडतं. शिवाय श्वास घेण्याची ऊर्मीही थोडी मंदावते. म्हणून अशा रुग्णांसाठी 88 ते 92 हे लक्ष्य धरतात. त्यांच्यासाठी 98 हा आकडा धोक्याचा असू शकतो.

मग 5 लिटरऐवजी 2 लिटर दिले की झालं का? इथे नाकातल्या नळीची मर्यादा कळते. फ्लोमीटर मिनिटाला किती लिटर ऑक्सिजन सुटतो ते सांगतो. फुप्फुसात पोहोचणाऱ्या हवेत त्याचे टक्के किती, हे रुग्णाच्या श्वासावर ठरतं. माणूस श्वास आत ओढतो तेव्हा हवेचा वेग मिनिटाला साधारण 30 लिटर असतो. नळीतून 2 लिटर आले, तर उरलेली 28 लिटर खोलीतली हवा असते आणि तिच्यात ऑक्सिजन 21 टक्के. ढोबळ हिशेबाने मिश्रण 26 टक्क्यांचं होतं. धाप लागून वेग 60 वर गेला, तर तेच 2 लिटर जेमतेम 24 टक्के देतात. पेंगुळलेल्या रुग्णाचा श्वास उथळ होऊन वेग 15 वर आला, तर टक्के 31 च्या पुढे जातात. म्हणजे जादा ऑक्सिजनने गुंगी येते आणि गुंगीमुळे ऑक्सिजनचं प्रमाण आणखी वाढतं.

हे चक्र टाळण्यासाठी मोरन कॅम्पबेल या डॉक्टरांनी 1960 मध्ये व्हेंच्युरी तत्त्वावरचा मास्क पुढे आणला. मास्कच्या तळाशी एक रंगीत तुकडा असतो. त्यातल्या बारीक छिद्रातून ऑक्सिजन जोरात सुटतो आणि बाजूच्या खिडक्यांतून ठरावीक प्रमाणात हवा ओढून घेतो. 28 टक्क्यांच्या तुकड्यात प्रत्येक लिटर ऑक्सिजनमागे सुमारे 10 लिटर हवा मिसळते. 4 लिटर सोडले की मिनिटाला जवळजवळ 45 लिटर तयार मिश्रण तोंडापुढे येतं. रुग्णाला इतकं पुरतं, त्यामुळे बाहेरची हवा फारशी मिसळत नाही आणि टक्के स्थिर राहतात. टक्के वाढवायचे तर तुकडा बदलावा लागतो, नुसता फ्लो वाढवून ते वाढत नाहीत. मात्र श्वासाची गती 30 च्या वर गेली, तर मिश्रण कमी पडू नये म्हणून फ्लो दीडपट करतात. रंग बहुधा ठरलेले असले, तरी तुकड्यावर छापलेले टक्के आणि लिटर वाचूनच फ्लो लावावा. त्या खिडक्या पांघरुणाखाली गेल्या की हवा मिसळत नाही आणि टक्के नकळत चढतात.

आजींच्या धमनीतलं रक्त तपासलं, तर कार्बन डायऑक्साइड 65 निघाला. एरवी तो 35 ते 45 असतो. अशा वेळी ऑक्सिजन एकदम बंद करणं घातक, कारण रक्तातला ऑक्सिजन झपाट्याने कोसळतो. 28 टक्क्यांचा व्हेंच्युरी मास्क लावून आकडा 88 ते 92 मध्ये आणायचा आणि अर्ध्या ते एका तासात रक्त पुन्हा तपासायचं. तरीही सुधारणा नसेल, तर श्वासाला आधार देणारं बायपॅप मशीन लागतं.

याचा अर्थ नळी वाईट, असा नाही. मास्क घालून जेवता येत नाही, धड बोलता येत नाही, आणि गुदमरल्यासारखं वाटून रुग्ण तो काढून टाकतात. श्वास शांत झाला, रक्ताचा अहवाल सुधारला की आजींना 1 ते 2 लिटरवर नळीच बरी. न्यूमोनिया झालेल्या, पण सीओपीडी वगैरे नसलेल्या रुग्णालाही बहुधा नळीने सुरुवात करतात. त्याचं लक्ष्य 94 ते 98 असतं.

घरी ऑक्सिजनचं मशीन असेल, तर डॉक्टरांनी लिहून दिलेल्या लिटरच्या वर काटा नेऊ नका. दम वाढला, रुग्ण दिवसा पेंगू लागला, सकाळी डोकं ठणकू लागलं किंवा पुढे धरलेले हात फडफडू लागले, तर ऑक्सिमीटरचा आकडा कितीही चांगला असो, दवाखाना गाठा आणि तिथे पोहोचताच सीओपीडी असल्याचं सांगा.