आडवी पडलेली मोटारसायकल उभी करताना

रॉयल एनफिल्डच्या बुलेट ३५० या मोटारसायकलीचे वजन सुमारे १९५ किलोग्रॅम आहे. गाडी उभी असते तेव्हा हा सर्व भार दोन चाकांवर असतो आणि चालकाला केवळ तिचा तोल सांभाळावा लागतो. परंतु पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला गाडी लावून चालक दूर जातो, साइड स्टँड ओल्या मातीत रुततो आणि गाडी डाव्या अंगावर आडवी होते. अशा वेळी बहुतेक जण गाडीकडे तोंड करून वाकतात आणि दोन्ही हातांनी हँडल धरून तिला वर ओढतात. गाडी कधीकधी उभी राहते. पण कंबरेत चमक भरते आणि ती पुढे कित्येक दिवस जात नाही.

भार कोठे पडतो?

पडलेली गाडी उभी करणे म्हणजे तिला संपूर्ण उचलणे नव्हे. चाकांच्या जमिनीला टेकलेल्या कडा हा टेकू असून त्याभोवती गाडी तरफेप्रमाणे फिरवावयाची असते. गाडीचा गुरुत्वमध्य टेकूपासून सुमारे ५० सेंटिमीटर आणि सीटची कड सुमारे ८० सेंटिमीटर अंतरावर आहे, असे धरू. लेग गार्डमुळे गाडी जमिनीवर सपाट न पडता थोडी तिरकी राहते. या स्थितीत सीटच्या कडेला लावावा लागणारा जोर ढोबळमानाने ११० किलोग्रॅम भरतो. गाडी निम्मी वर आल्यावर तो ८५ किलोग्रॅमच्या आसपास येतो आणि ती जवळजवळ उभी झाल्यावर ४० किलोग्रॅमवर उतरतो. म्हणजे खरे कष्ट आरंभीचे आहेत.

हा आरंभीचा जोर कोणत्या स्नायूंनी लावावयाचा, यावर पाठीची सुरक्षितता अवलंबून असते. मांड्यांचे व नितंबांचे स्नायू शरीरात सर्वांत बलवान आहेत. पाठीचे स्नायू मात्र कण्याच्या अगदी लगत, मणक्यांमधील चकतीच्या मध्यापासून अवघ्या पाच-सहा सेंटिमीटरवर काम करतात. वाकलेल्या माणसाने कंबरेपासून ४० सेंटिमीटर पुढे २० किलोग्रॅमचे ओझे धरले, तरी ते तोलण्यासाठी या स्नायूंना त्याच्या सुमारे आठपट, म्हणजे १६० किलोग्रॅमइतका ताण घ्यावा लागतो. हा सर्व दाब मणक्यांमधील चकत्यांवर येतो. म्हणूनच गाडीकडे पाठ करून पायांच्या जोराने तिला रेटणे हाच योग्य मार्ग होय.

उचलण्यापूर्वी

प्रथम किल्ली फिरवून इंजिन बंद करावे. कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या गाडीच्या पेट्रोलचा कॉकही बंद करावा. पेट्रोल सांडले असल्यास जवळपास विडी-सिगारेट पेटू देऊ नये. मागे बांधलेले सामान सोडून बाजूला ठेवावे. गाडी वाहत्या रस्त्यात पडली असेल, तर आधी मागून येणारी वाहने थांबवावीत. गाडीखाली कोणाचा पाय अडकला असेल, तर एकट्याने प्रयत्न न करता इतरांना हाक मारावी.

उचलताना चाके फिरता कामा नयेत. गाडी गिअरमध्ये असेल तर मागचे चाक जखडलेले राहते. आजच्या बुलेटचा गिअरचा पायदांडा डाव्या बाजूस असल्यामुळे डावीकडे पडलेल्या गाडीत तो खाली दबतो. मागचे चाक मोकळे फिरत असल्यास उजव्या मुठीवरील पुढच्या ब्रेकचा दांडा मुठीशी रुमालाने घट्ट आवळून बांधावा. गाडी उजवीकडे पडली असेल, तर काम अधिक सोपे होते: गिअर टाकता येतो आणि साइड स्टँड आधीच उघडून ठेवता येतो. गाडी उभी होऊन पलीकडे कलली, तरी ती स्टँडवर विसावते. मात्र त्या बाजूचा सायलेन्सर तापलेला असतो. त्यापासून हात व पोटऱ्या दूर ठेवाव्यात.

उचलण्याची रीत

डावीकडे पडलेल्या गाडीचे हँडल पूर्णपणे डावीकडे वळवावे. त्यामुळे पुढच्या चाकाचे टोक जमिनीकडे झुकते आणि खालची मूठ टाकीजवळ येते. नंतर सीटच्या बाजूस जाऊन गाडीकडे पाठ करावी आणि गुडघे वाकवून नितंब सीटच्या कडेला टेकवावेत. उजव्या हाताने खालची मूठ धरावी. डाव्या हाताने सीटमागील लोखंडी दांडा किंवा चौकटीचा भक्कम भाग धरावा; दिवे व इंडिकेटर धरल्यास ते तुटतात. पावले खांद्यांइतकी फाकवून शरीराच्या थोडी पुढे घट्ट रोवावीत. पाठ ताठ आणि नजर समोर असावी.

आता हातांनी न ओढता, टाचा जमिनीत दाबून, नितंबांनी सीट मागे व वर रेटावी. हातांचे काम गाडी शरीरालगत ठेवण्याचे आहे. गाडी हलू लागली की एकेका वितीपेक्षाही लहान पावले मागे टाकत जावे. श्वास कोंडून धरू नये. भार हलका झाल्याचे जाणवताच जोर कमी करावा. तसे न केल्यास गाडी उभी होऊन विरुद्ध बाजूस कोसळते. गाडी उभी होताच तिला कंबरेचा टेकू देऊन टाचेने साइड स्टँड पुढे सरकवावा. स्टँड पुन्हा मातीत रुतू नये म्हणून त्याखाली सपाट दगड किंवा फळी घालावी.

कोठे थांबावे?

बूट घसरू लागले, पाठ गोल होऊ लागली किंवा कंबरेला पीळ बसू लागला, तर गुडघे वाकवून गाडी सावकाश खाली टेकवावी. चिखलात उभे राहावे लागत असेल, तर पायांखाली खडी किंवा गोणपाट पसरावे. उतारावर चाके चढाकडे आणि सीट उताराकडे असेल, तर गाडी चढाच्या दिशेने उभी करावी लागते व जोर कितीतरी अधिक लागतो. अशा गाडीला आधी लेग गार्डवर सरकवत आडवे फिरवून घ्यावे.

पूर्वी चकती सरकलेली असणाऱ्यांनी, हर्निया असणाऱ्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी हा प्रयत्न एकट्याने करू नये. दुसरा माणूस मिळाल्यास त्याने पलीकडच्या बाजूस उभे राहून पुढचा ब्रेक धरावा आणि उभी होणारी गाडी तोलावी. तसेच गाडी हातून कलंडू लागली असता ठरावीक कोनापलीकडे ती कोणालाही आवरत नाही. त्या क्षणी तिला सोडून बाजूला होणे हेच हिताचे असते.

उचलल्यावर पायात कळ उतरली, बधिरपणा आला किंवा लघवीवरील ताबा सुटला, तर तो साधा लचक नव्हे. विलंब न लावता रुग्णालय गाठावे. गाडी चालू करण्यापूर्वी ब्रेक व क्लचचे दांडे, हँडल आणि गळती तपासावी. इंधन इंजेक्शनच्या अनेक गाड्यांमध्ये गाडी आडवी झाल्यावर इंजिन बंद करणारी यंत्रणा असते. किल्ली एकदा बंद करून पुन्हा फिरवल्याखेरीज अशी गाडी सुरू होत नाही. तो बिघाड समजू नये.