पंपाच्या पाच अवस्था

जुन्नर-आंबेगावकडे रात्रीच्या पाळीची वीज असली, की अंधारात विहिरीवर जायचं कोणी, हा घरातला प्रश्न होऊन बसतो. बांधाला ऊस, आणि उसात बिबट्या. म्हणून स्टार्टरला ‘ऑटो’ बसवतात. पण साध्या ऑटोला एकच गोष्ट कळते : वीज आली, पंप लाव.

समजा, फुटव्हॉल्व्हमध्ये काडी अडकली आहे. वीज जाते, नळातलं पाणी विहिरीत उतरतं. वीज येते, ऑटो पंप लावतो आणि पंप कोरडा फिरत राहतो. आपण म्हणाल, ओव्हरलोड रिले आहे ना? तो जास्त प्रवाहावर सुटतो. कोरड्या पंपाचा प्रवाह उलट कमी होतो. सकाळी सील जळालेलं सापडतं.

यावर उपाय म्हणजे पंपाचं काम अवस्थांत वाटणं. प्रत्येक अवस्थेला तीन गोष्टी ठरवून द्यायच्या : काय करायचं, किती वेळ, आणि ते न जमलं तर जायचं कुठं.

पहिली अवस्था विसाव्याची. वीज आली की दुसरी, पारखीची : तिन्ही फेज दोन मिनिटं सलग ठीक हवेत, नाहीतर परत विसावा. तिसरी प्रारंभाची. पाच अश्वशक्तीची मोटर भरल्या पंपावर साडेसात अँपिअरच्या आसपास घेते, कोरडी असली तर पुष्कळच कमी. पंधरा सेकंदांत काटा जागेवर आला नाही, तर पंप बंद आणि थेट पाचव्या अवस्थेत, म्हणजे अडसरात. आला तर चौथी, भरण्याची. तिला वाफ्यांच्या हिशेबानं, समजा, दोन तासांची मर्यादा. मध्येच फेज गेला किंवा विहिरीचं पाणी खालच्या खुणेला आलं, तर विसावा. ही खूण फुटव्हॉल्व्हच्या बरीच वर हवी. एकदा पंपानं हवा धरली, की विहीर भरूनही तो पाणी ओढत नाही.

वीज आणि विहीर आपोआप पूर्ववत होतात, म्हणून तिथं विसावा पुरतो. फुटव्हॉल्व्ह आपोआप दुरुस्त होत नाही. म्हणून अडसर माणसाच्या हातानंच सुटला पाहिजे.

आता खरी मेख. साडेदहाला अडसर पडला, अकराला वीज गेली आणि पुन्हा आली. यंत्र हे विसरलं, तर सगळं पहिल्यापासून! प्रत्येक खंडितीला पंप पंधरा सेकंद कोरडा फिरणार. यासाठी वीज गेली तरी जागा न सोडणारा रिले लागतो.

एक गोष्ट मात्र यातही निसटते. वाटेत पाइप फुटला, तर प्रवाह कमी होत नाही. यंत्राला वाटतं, भरणं चाललंय. तिथं दोन तासांची मर्यादाच विहीर वाचवते. म्हणून सकाळी यंत्राआधी वाफा पाहावा.