‘सध्या घरी बसा’ म्हणताना : चौकशीच्या काळातील रजा शिक्षा होऊ नये म्हणून

आपल्या संस्थांच्या बैठकांत हे दृश्य आम्ही अनेकदा पाहिले आहे. वसतिगृहातल्या, शाळेतल्या किंवा ट्रस्टच्या कार्यालयातल्या एखाद्या कर्मचाऱ्याविरुद्ध तक्रार येते. एक जण म्हणतो, आजच काढून टाका. दुसरा म्हणतो, आपलाच माणूस आहे, जाऊ द्या. मग मधला मार्ग म्हणून अध्यक्ष त्या कर्मचाऱ्याला सांगतात, “तुम्ही सध्या घरी बसा.” हातात पत्र दिले जात नाही, पगाराचे काय ते ठरत नाही, कधी बोलावणार तेही कोणी सांगत नाही. तीन महिन्यांनी तो माणूस दुसरीकडे काम शोधतो आणि प्रकरण आपोआप मिटले असे सगळे समजतात. खरे तर चौकशी झालेलीच नसते. शिक्षा मात्र झालेली असते. तक्रार करणाऱ्यालाही उत्तर मिळालेले नसते.

आरोप झालेल्या माणसाला चौकशीपुरते कामापासून दूर ठेवणे चूक नाही. अनेकदा ते गरजेचे असते. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मध्ये निलंबनाचा नियम वेगळा आहे आणि शिक्षांची यादी वेगळी आहे. चौकशीच्या काळातले निलंबन त्या यादीत येत नाही. पण कागदावर शिक्षा नसलेली गोष्ट प्रत्यक्षात शिक्षा कशी होते, हे आपल्यातल्या कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यायला हवे. आपण दोन्ही बाजूंना असतो. आपली मुले-मुली नोकरीत आहेत, त्यांच्यावर हा प्रसंग येतो. आणि आपल्या संस्थांत आपणच मालक असतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका ट्रस्टचे मुलांचे वसतिगृह आहे. तिथे लिपिक मेसचे पैसे घेतो, पावती फाडतो, रोकडवहीत नोंद करतो. त्याचा पगार १८,००० रुपये. दोन विद्यार्थी पावत्या घेऊन सचिवांकडे येतात. त्यांनी पैसे भरले आहेत, पण थकबाकीच्या यादीत त्यांची नावे आहेत. रोकडवहीत त्या दोन पावत्यांची नोंद सापडत नाही.

सचिवांनी पहिल्यांदा लिपिकाला घरी पाठवायचे नाही. त्याच दिवशी, लिपिकाच्या समोर आणि दोन पंचांच्या सह्या घेऊन, सगळी पावती पुस्तके, रोकडवही आणि बँकेचे पासबुक ताब्यात घ्यायचे. गल्ल्यातली रोकड मोजायची. संगणकाचा पासवर्ड बदलायचा. या टाचणाची एक प्रत लिपिकालाही द्यायची. हे केले नाही तर पुढे तो म्हणेल की माझ्या मागे वह्या बदलल्या, आणि त्याचे म्हणणे खोडता येणार नाही.

आता विचारायचा प्रश्न एकच आहे. कागद सुरक्षित झाल्यावर हा माणूस कामावर राहिला तर चौकशीला नेमका कोणता धोका आहे? फक्त वह्यांचाच प्रश्न असता, तर त्याला महिनाभर ग्रंथालयात बसवून भागले असते. पण आपल्या उदाहरणातला लिपिक रोज संध्याकाळी हजेरीही घेतो. साक्ष देणारी मुले त्याच्याच हाताखाली राहतात, रजेच्या अर्जावर त्याचीच सही घेतात. ती मुले मोकळेपणाने बोलणार नाहीत. म्हणून इथे त्याला बाजूला ठेवण्याला कारण आहे, आणि ते कारण वाक्यात लिहिता येते. ‘संस्थेची बदनामी होते’ किंवा ‘लोक चिडले आहेत’ ही कारणे चौकशीची नव्हेत. कारण लिहिताना पेन अडखळले, तर रजेचा निर्णय रागातून होतो आहे असे समजावे.

यानंतर पगार. गोंधळ सर्वांत जास्त इथेच होतो. सरकारी नोकराला निलंबनात निर्वाह भत्ता मिळतो. तो साधारणपणे अर्धपगारी रजेच्या वेतनाइतका असतो आणि त्यावर महागाई भत्ता असतो. औद्योगिक आस्थापनांतील कामगारांसाठी १९४६ च्या स्थायी आदेश कायद्यात पुढे कलम घातले गेले. त्यात पहिले ९० दिवस ५० टक्के आणि कामगाराच्या चुकीमुळे नसलेला उशीर झाला तर त्यानंतर ७५ टक्के असे प्रमाण ठरले. हेच प्रमाण २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. (मूळ कायदा झाला तेव्हा व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते, हे आपल्या तरुणांना सहसा ठाऊक नसते.)

पण आपल्या पाच-सात कर्मचाऱ्यांच्या ट्रस्टला यातले काहीच लागू नसेल तर? अनेक पदाधिकाऱ्यांना वाटते, नियम नाही म्हणजे पैसे द्यायचे बंधन नाही. हे नेमके उलटे आहे. दिल्लीच्या इम्पीरियल हॉटेलच्या कामगारांच्या खटल्यात १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, करारात, कायद्यात किंवा सेवानियमांत पगार रोखून निलंबित करण्याचा अधिकार नसेल, तर मालक कामगाराला काम करू नको असे सांगू शकतो, पण त्या काळाचा पगार द्यावाच लागतो. म्हणजे नेमणूकपत्रात निलंबनाचे कलम नसलेल्या आपल्या लिपिकाला पूर्ण १८,००० रुपये द्यायचे, नेहमीच्या तारखेला द्यायचे. त्याच्या शिल्लक हक्काच्या रजेतून हे दिवस कापायचे नाहीत. ‘सक्तीची रजा’ म्हणून त्याच्याकडून रजेचा अर्ज लिहून घेण्याची आपल्याकडे सवय आहे. ती सोडली पाहिजे. स्वतःची रजा खर्च करायला लावणे हा दंडच आहे.

खजिनदार कुरकुर करतील की काम न करता पैसे कशाला. त्यांना कोलारच्या सोन्याच्या खाणीतली गोष्ट सांगावी. तिथले सुरक्षा अधिकारी एम. पॉल अँथनी यांच्या घरावर १९८५ मध्ये पोलिसांचा छापा पडला आणि सोन्याचा छोटा गोळा व सोनेमिश्रित वाळू सापडल्याचा आरोप झाला. कंपनीने त्यांना निलंबित केले, पण निर्वाह भत्ता दिला नाही. ते केरळात आपल्या घरी होते, आजारी होते, आणि चौकशी कर्नाटकात चालली होती. ते हजर राहू शकले नाहीत, तर चौकशी त्यांच्या गैरहजेरीत उरकून त्यांना बडतर्फ केले. पुढे फौजदारी कोर्टाने त्यांना निर्दोष सोडले. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना थकीत पगारासह कामावर घेण्याचा निर्णय दिला. प्रवासाला पैसे नाहीत म्हणून जो माणूस चौकशीला येऊ शकत नाही, त्याला बाजू मांडण्याची संधी मिळाली असे म्हणता येत नाही. वाचवलेला भत्ता कंपनीला चौदा वर्षांनी चांगलाच महागात पडला.

आपल्या राज्याचा अनुभवही फार वेगळा नव्हता. शिक्षा झालेल्या पण अपील चालू असलेल्या निलंबित नोकराला महिन्याला एक रुपया नाममात्र निर्वाह भत्ता देणारी तरतूद जुन्या मुंबई नागरी सेवा नियमांत होती! १९८३ मध्ये चंद्रभान टाळे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली.

आता पत्र. आपल्या उदाहरणात ते एवढेच असावे :

“मेस शुल्काच्या दोन पावत्यांच्या नोंदीबाबत आलेल्या तक्रारीची चौकशी संस्थेने सुरू केली आहे. वसतिगृहातील विद्यार्थी यात साक्षीदार असल्याने चौकशी पूर्ण होईपर्यंत, जास्तीत जास्त ३० दिवस, आपण वसतिगृहाच्या कामावर येऊ नये. ही शिक्षा नाही आणि आपण दोषी आहात असा संस्थेचा निष्कर्ष नाही. या काळात आपला पूर्ण पगार नेहमीच्या तारखेला मिळेल, आपली शिल्लक रजा कापली जाणार नाही आणि आपली सेवा अखंड राहील. चौकशीतील विद्यार्थ्यांशी या विषयावर बोलू नये. बाजू मांडण्यासाठी वह्या पाहायच्या असल्यास चौकशी समितीला कळवावे, त्यांच्या समक्ष पाहता येतील.”

यातला ‘अपहार’ हा शब्द आम्ही मुद्दाम वापरलेला नाही. ‘पैसे खाल्ल्याप्रकरणी’ असे लिहिले की निकाल आधीच दिला गेला, मग खाली ‘ही शिक्षा नाही’ असे कितीही लिहा. वह्या पाहू देण्याचे वाक्यही महत्त्वाचे आहे. ज्याला कार्यालयात येण्याची बंदी आहे, त्याच्याकडे स्वतःच्या बचावाचे कागद नसतात. ही अडचण समितीच्या बहुधा लक्षातही येत नाही, कारण वह्या तिच्या कपाटात असतात.

मुदत संपली आणि चौकशी संपली नाही, तर पत्र आपोआप पुढे चालू ठेवू नये. सरकारी नोकरीतल्या निलंबनाबाबत अजयकुमार चौधरी प्रकरणात २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणाले की, तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिले नाही तर निलंबन त्यापुढे चालू राहू नये, आणि दोषारोपपत्र दिले असेल तर मुदतवाढीचा आदेश कारणांसह हवा. नोकरीत असलेल्या आपल्या वाचकांनी ही तारीख वहीत लिहून ठेवावी आणि नव्वदाव्या दिवशी लेखी अर्ज करावा. छोट्या संस्थेला तर दोन पावत्या तपासायला तीन महिने लागूच नयेत.

तक्रार लैंगिक छळाची असेल तर एक वेगळी चूक होते. आरोपी कामावरच राहतो आणि तक्रार करणाऱ्या ताईंना ‘तुमच्या सुरक्षेसाठी’ घरी बसवले जाते. २०१३ च्या कायद्यात चौकशीच्या काळात तिची किंवा प्रतिवादीची बदली, अथवा तिला तीन महिन्यांपर्यंत रजा अशी शिफारस समिती करू शकते, पण ती तिच्या लेखी विनंतीवरून. ती रजा तिच्या नेहमीच्या रजेव्यतिरिक्त असते. तिने मागितली नाही तर ती देणे हा उपकार नव्हे.

पत्र व्यवस्थित लिहिले तरी सगळे बिघडते ते व्हॉट्सअॅप ग्रुपवर. “अमुक यांना चौकशीमुळे निलंबित केले आहे, त्यांच्याशी कोणी व्यवहार करू नये” असा संदेश सभासदांत फिरला की त्या घरातली लग्ने अडतात, मुले शाळेत ऐकून घेतात. वस्तीत सगळे एकमेकांचे नातेवाईक असतात. ग्रुपवर एवढेच पुरे : “पुढील सूचनेपर्यंत मेस शुल्क सचिवांकडे भरावे.” कोणी का विचारले तर चौकशीबद्दल बोलायचे नाही.

आपल्या उदाहरणात चोविसाव्या दिवशी समितीला समजते की त्या दोन पावत्या लिपिक आजारी असताना अधीक्षकांनी फाडल्या होत्या. पैसे बँकेत भरले गेले होते, पण नोंद दुसऱ्याच खात्यात झाली होती. लिपिकाला त्याच आठवड्यात परत बोलवायचे. त्याला लेखी कळवायचे की तक्रारीत तथ्य आढळले नाही आणि २४ दिवस कामावर असल्याचे धरले आहेत. वह्या टाचण करून परत त्याच्या ताब्यात द्यायच्या. तक्रार करणाऱ्या दोन्ही मुलांना बसवून सांगायचे की त्यांनी विचारले ते बरोबरच केले, आणि थकबाकीच्या यादीतून त्यांची नावे काढायची. मग ग्रुपवर पुन्हा एक ओळ टाकायची की मेस शुल्क उद्यापासून नेहमीप्रमाणे कार्यालयात भरावे.