चहा सोडल्यावर दुखणारे डोके

चातुर्मासात चहा सोडण्याचा नेम आपल्याकडे अनेक घरांत असतो. दुसऱ्या दिवशी डोके ठणकू लागले की ‘पित्त झालं’ म्हणून मोकळे होण्याची रीतही तितकीच जुनी. मला हे निदान पुरेसे वाटत नाही. शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत सुरू होणारे, एक-दोन दिवसांत शिगेला पोहोचणारे आणि आठवडाभरात निवळणारे दुखणे बहुधा कॅफिन तुटल्याचे असते.

जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते. ते पेशींवरच्या ठरावीक जागांवर बसले की मेंदू मंदावतो आणि झोप येते. कॅफिन त्याच जागा अडवते. कुलपात बसणारी, पण न फिरणारी किल्लीच म्हणा ना! रोज जागा अडू लागल्या की मेंदू त्या वाढवतो. मग एक दिवस चहा थांबतो, आणि या वाढलेल्या सगळ्या जागा अ‍ॅडेनोसिनला मोकळ्या मिळतात. थकवा आणि सुस्ती येते ती त्यामुळे. कॅफिनने आकुंचित ठेवलेल्या मेंदूतल्या रक्तवाहिन्याही सैलावतात, रक्तप्रवाह वाढतो आणि डोके ठणकते.

यासाठी अट्टल चहाबाज असावे लागत नाही. अमेरिकेत १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातले ६२ जण दिवसाला सरासरी २३५ मिलिग्रॅम कॅफिन घेत होते. कोणती कॅप्सूल कसली, हे त्यांना ठाऊक नव्हते. कॅफिनविना काढलेल्या दोन दिवसांत ५२ टक्क्यांना मध्यम ते तीव्र डोकेदुखी झाली. कॅफिनची कॅप्सूल मिळत असताना फक्त ६ टक्क्यांना.

माझ्या मावशीचे सहा कप. घरच्या छोट्या कपात साधारण ४० मिलिग्रॅम धरले, तर हिशेब जवळपास तेवढाच येतो. दरवर्षी ती आषाढी एकादशीला एकदम चहा तोडायची आणि द्वादशीला अंथरूण धरायची. गेल्या वर्षी आम्ही ज्येष्ठातच सुरुवात केली. दर चार दिवसांनी एक कप कमी. आधी रात्रीचा, मग दुपारचे. सकाळचा शेवटपर्यंत ठेवला, कारण रात्रभराच्या खंडानंतर मेंदूला तोच सर्वाधिक हवा असतो. शेवटी तोही अर्धा केला. तिसऱ्या कपाशी डोके जड झाले, तेव्हा पुढे न जाता आणखी तीन दिवस तिथेच थांबलो. वाढलेल्या जागा कमी करायला मेंदूला वेळ लागतो, तो असा मिळतो. थोड्या जांभया सोडल्या तर एकादशी निभावली.

मात्र कप मोजताना चहा अधिक कडक होत नाही ना, हे पाहावे. मावशीने दोनदा पावडर वाढवलेली मी पकडली. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफिन असते. त्यांनी चटकन उतार पडतो खरा, पण सोडलेले कॅफिनच मागच्या दाराने परत येते. आणि डोके अचानक, कधी नव्हे इतके दुखले, सोबत ताप आला, दृष्टी अंधुक झाली किंवा हातपाय लुळे पडले, तर चहाला दोष न देता तडक डॉक्टर गाठावा.